मतदार यादीच्या छायाचित्रित पानाचे ओळनिहाय वाचन

मतदार यादीच्या छायाचित्रित पानाचे ओळनिहाय वाचन म्हणजे छापील मतदार यादीच्या पानाच्या छायाचित्रावरून किंवा क्रमवीक्षित (स्कॅन केलेल्या) प्रतिमेवरून त्यातील नावे व आकडे अशा रीतीने उतरवून घेणे, की एका मतदाराचा अनुक्रमांक, घर क्रमांक, नाव, नातेवाईकाचे नाव, लिंग, वय आणि ओळखपत्र क्रमांक हे सर्व घटक त्याच मतदाराच्या नोंदीत राहतील. हे काम हाताने टंकलेखन करून किंवा अक्षरओळख प्रणालीच्या (ओसीआर) साहाय्याने केले जाते. अक्षर चुकीचे वाचले जाणे आणि ओळ तुटणे या दोन निरनिराळ्या चुका आहेत. पहिल्या चुकीत एका मतदाराचे नाव किंचित बिघडते. दुसऱ्या चुकीत प्रत्येक शब्द व प्रत्येक आकडा अचूक वाचलेला असूनही तो भलत्याच मतदारापुढे जाऊन बसतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या चुकीचा विचार केला आहे.

## पार्श्वभूमी

भारतात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० अन्वये प्रत्येक मतदारसंघासाठी मतदार यादी तयार केली जाते. मतदार नोंदणी नियम, १९६० नुसार ही यादी भागांमध्ये विभागलेली असते, एका भागातील नावे सामान्यतः घर क्रमांकाच्या क्रमाने मांडली जातात आणि प्रत्येक भागात एकपासून सुरू होणारे सलग अनुक्रमांक दिले जातात. त्यामुळे मतदारसंघ, भाग क्रमांक व अनुक्रमांक या तीन गोष्टी मिळून विशिष्ट यादीतील एका नोंदीचा पत्ता ठरतो.

ही यादी संगणकावर तयार होत असली तरी जनतेला ती बहुधा प्रतिमेच्या स्वरूपातच मिळते. २०१८ मध्ये निवडणूक आयोगाने संकेतस्थळांवरील याद्या प्रतिमारूपात ठेवण्याचे निर्देश दिले. यादी शब्दशोध करता येईल अशा स्वरूपात मिळावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कमलनाथ विरुद्ध भारत निवडणूक आयोग या प्रकरणात अमान्य केली. परिणामी नागरिक, पक्ष कार्यकर्ते आणि संशोधक यांना यादीत काही शोधायचे असल्यास पान डोळ्यांनी वाचावे लागते किंवा ते स्वतः अक्षरबद्ध करून घ्यावे लागते.

२०२५ मध्ये सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणामुळे जुन्या याद्यांच्या वाचनाला अचानक व्यावहारिक महत्त्व आले. बिहारमध्ये २००३ ची यादी आधारभूत मानली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुढील टप्प्यात गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांचा समावेश झाला. या टप्प्यातील गणना प्रपत्रात मतदाराला मागील सखोल पुनरीक्षणाच्या यादीतील आपली किंवा आपल्या नातेवाईकाची नोंद दाखवावी लागत होती आणि तिथे भाग क्रमांक व अनुक्रमांक मागितला होता. नाव बरोबर शोधले, परंतु अनुक्रमांक शेजारच्या ओळीतला उतरवला, तर प्रपत्र शेजाऱ्याच्या नोंदीकडे बोट दाखवते.

## पानाची रचना

छायाचित्र नसलेल्या जुन्या याद्या कोष्टकाच्या रूपात असतात. एका ओळीत एक मतदार आणि आडवे सात-आठ रकाने असा हा प्रकार आहे. अक्षर बारीक असते, रकाने अरुंद असतात आणि दोन ओळींमधील अंतर जेमतेम असते. काही याद्यांत रकान्यांमध्ये उभ्या रेघा असतात, पण ओळींमध्ये आडव्या रेघा नसतात. वाचकाला डावीकडच्या अनुक्रमांकापासून उजवीकडच्या वयापर्यंत नजर नेताना कोणताही आधार नसतो.

छायाचित्रांसह असलेल्या नंतरच्या याद्यांची रचना वेगळी आहे. त्यांत पानावर आडव्या तीन व उभ्या दहा अशा तीस चौकटी असतात. अनुक्रमांक डावीकडून उजवीकडे जातो आणि मग खालच्या रांगेत येतो. एका चौकटीत एकाखाली एक नाव, नातेवाईकाचे नाव, घर क्रमांक, वय व लिंग छापलेले असते आणि वरच्या कडेला अनुक्रमांक व ओळखपत्र क्रमांक असतो.

या दोन रचनांत ‘ओळ’ या शब्दाचा अर्थ बदलतो, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. कोष्टकाच्या यादीत छापील आडवी ओळ हीच नोंद असते, म्हणून पान रकान्यांप्रमाणे वरून खाली वाचले की नोंद तुटते. चौकटींच्या यादीत नेमके उलट घडते. तिथे पान आडवे वाचले की तीन मतदारांची नावे एका ओळीत येतात, त्यापुढे तिघांच्या वडिलांची नावे येतात आणि मग तिघांचे घर क्रमांक. म्हणजे कोणत्या दिशेने वाचावे याचा सार्वत्रिक नियम नाही. नोंद ही एका मतदाराची असते आणि तिचा पानावरील आकार कोणता, हे प्रत्येक यादीसाठी आधी ठरवावे लागते. चौकटींच्या पानाचे काम त्यामानाने सोपे आहे, कारण प्रत्येक नोंदीला चारही बाजूंनी रेघ असते. तीस चौकटी आधी कापून घेतल्या व प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे वाचली की नोंदींची सरमिसळ जवळजवळ थांबते. खरी अडचण कोष्टकाच्या पानाची आहे. पुढील विवेचन त्यासंबंधी आहे.

## छायाचित्र

ओळ तुटण्याची सुरुवात पुष्कळदा वाचनाआधी, छायाचित्र घेतानाच होते. पान कॅमेऱ्यासमोर किंचित फिरलेले असेल तर छापील ओळ प्रतिमेत तिरपी येते. कोष्टकाची रुंदी १९० मिलिमीटर आणि ओळीची उंची ५ मिलिमीटर आहे असे मानू. पान एक अंश तिरपे असल्यास ओळीचे उजवे टोक डाव्या टोकापेक्षा सुमारे ३.३ मिलिमीटर वर किंवा खाली जाते. हे अंतर ओळीच्या अर्ध्या उंचीपेक्षा अधिक आहे. दीड अंशाला ते सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एक ओळ होते. अशा प्रतिमेत अनुक्रमांकापासून सरळ आडवी रेघ ओढली तर ती पुढच्या किंवा मागच्या मतदाराच्या वयावर जाऊन पोहोचते. एक-दीड अंशाचा तिरपेपणा डोळ्यांना फारसा खटकत नाही, हीच त्यातली मेख आहे.

सरळ तिरपेपणा प्रतिमा फिरवून दूर करता येतो. पुस्तकासारख्या शिवलेल्या यादीत मात्र पान शिवणीजवळ वाकलेले असते आणि ओळ तिथे कमानीसारखी होते. पान फिरवून ही कमान सरळ होत नाही. शक्य असल्यास पानावर काच ठेवून ते सपाट करावे, नाहीतर प्रतिमेचे डावा व उजवा असे दोन उभे भाग करून प्रत्येक भागाचा तिरपेपणा स्वतंत्रपणे मोजावा. दोन्ही भागांत सामाईक खूण असावी लागते, अन्यथा नंतर ते जोडताना एक ओळ सरकण्याचा धोका उरतोच. डावा भाग व उजवा भाग यांत शीर्षओळीखालची पहिली नोंद आणि पानावरची शेवटची नोंद प्रत्यक्ष पाहून जुळवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

प्रतिमेची स्पष्टता किती असावी याचा हिशेब सोपा आहे. ए-४ आकाराच्या पानासाठी इंचाला ३०० बिंदू ही घनता घेतल्यास प्रतिमा सुमारे २४८० × ३५०८ बिंदूंची होते आणि दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर सुमारे २४ बिंदूंत मावते. त्याच्या निम्म्या घनतेला अक्षराच्या वाट्याला बाराच बिंदू येतात. तेवढ्यात ‘१’ आणि ‘९’ किंवा ह्रस्व वेलांटी असलेले व नसलेले अक्षर यांतला फरक टिकत नाही. ज्या याद्यांत नाते दाखवण्यासाठी ‘पि’ व ‘प’ असे संक्षेप वापरलेले असतात, तिथे एका वेलांटीवर पिता की पती हे अवलंबून असते.

## ओळ कशी सरकते : एक उदाहरण

पुढील आठ नोंदी काल्पनिक आहेत. आडनावे सोयीसाठी वगळली आहेत.

| अनुक्रमांक | घर क्रमांक | नाव | नाते | नातेवाईक | लिंग | वय |
|---|---|---|---|---|---|---|
| ४११ | ८७ | दत्तात्रय | वडील | रामचंद्र | पु | ५४ |
| ४१२ | ८७ | सुमन | पती | दत्तात्रय | स्त्री | ४८ |
| ४१३ | ८७ | अनंत | वडील | दत्तात्रय | पु | २६ |
| ४१४ | ८८ | लक्ष्मीनारायण | वडील | विठ्ठल | पु | ६१ |
| ४१५ | ८८ | इंदुमती | पती | लक्ष्मीनारायण | स्त्री | ५७ |
| ४१६ | ८८ | मोहन | वडील | लक्ष्मीनारायण | पु | ३३ |
| ४१७ | ८८ | शालिनी | पती | मोहन | स्त्री | २९ |
| ४१८ | ८९ | गंगूबाई | पती | तुकाराम | स्त्री | ७२ |

मूळ पानावर नावाच्या रकान्यात आडनावही आहे आणि ४१४ क्रमांकाचे नाव लांब असल्याने ते दोन ओळींत मोडले आहे, असे समजू. वरच्या ओळीत फक्त आडनाव आणि खालच्या ओळीत ‘लक्ष्मीनारायण’. नातेवाईकाच्या रकान्यात आडनाव नसल्याने तिथे सर्व नावे एकेका ओळीत बसली आहेत. आता कोणी, किंवा एखाद्या प्रणालीने, प्रत्येक रकाना वरून खाली वाचला आणि मग रकाने शेजारी-शेजारी चिकटवले. अनुक्रमांकाच्या रकान्यात आठ घटक मिळतील, नावाच्या रकान्यात मात्र नऊ. चिकटवल्यावर ४१४ पुढे नुसते आडनाव येईल आणि ४१५ पुढे लक्ष्मीनारायण हे नाव, स्त्री, वय ५७, पती लक्ष्मीनारायण अशी नोंद तयार होईल. ४१६ वर इंदुमती हे नाव पुरुष म्हणून, वडील लक्ष्मीनारायण, वय ३३ असे येईल. ४१७ वर मोहनचा पती मोहन ठरेल. या तीन नोंदी वाचताच विसंगती दिसते.

चौथी नोंद अधिक धोकादायक आहे. ४१८ पुढे शालिनी, पती तुकाराम, स्त्री, वय ७२ असे येते. या नोंदीत नाव स्त्रीचे, लिंग स्त्री, नाते पतीचे आणि वय शक्य कोटीतले आहे. ती संपूर्णपणे चुकीची आहे, पण एकटी पाहिली तर निर्दोष वाटते. सरकलेल्या ओळींपैकी काही नेहमीच अशा सुसंगत दिसतात. म्हणून विसंगत दिसलेल्या तेवढ्याच नोंदी दुरुस्त करणे हा उपाय नव्हे. विसंगती सापडली की ती जिथून सुरू झाली ती जागा शोधून तिथपासून पुढचा संपूर्ण भाग पुन्हा वाचावा लागतो.

नववा घटक, म्हणजे गंगूबाई हे नाव, शेवटी एकटेच उरते. घटकांची संख्या न जुळणे हा इशारा असतो आणि तो मिळाला तर चूक लगेच पकडली जाते. पण त्याच रकान्यात पुढे कुठेतरी एखादे नाव पुसट असल्यामुळे सुटले, तर एक जादा आणि एक कमी अशी भरपाई होऊन संख्या पुन्हा बरोबर येते. वर व खाली सर्व काही जुळलेले असते, मधल्या काही ओळी मात्र एकाने सरकलेल्या असतात. घटकांची संख्या जुळणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

वयाच्या रकान्यात उलट प्रकार होतो. पानाच्या घडीमुळे ४१३ चे ‘२६’ पुसट होऊन सुटले, तर त्याखालची सर्व वये एक ओळ वर चढतात. अनंतचे वय ६१ होते आणि त्याच घरातील त्याचे वडील दत्तात्रय ५४ वर्षांचे राहतात. लिंग व नाव यांच्या तुलनेत ही चूक दिसणार नाही. ती दिसण्यासाठी एकाच घर क्रमांकातील दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात.

## ओळ टिकवण्याची पद्धत

हाताने काम करताना रकाना एकदाही उभा उतरवू नये, हा पहिला नियम आहे. टंकलेखकाला रकान्यानुसार काम वेगाने करता येते. एकदा सर्व वये, एकदा सर्व लिंगे असे करत गेल्यास बोटांना सराव होतो. परंतु वरच्या उदाहरणातील चूक नेमकी याच सवयीतून जन्मते. फुटपट्टी किंवा जाड कागदाची पट्टी ओळीखाली धरून, पडद्यावर असल्यास ओळीखालचा भाग झाकून, एक नोंद पूर्ण झाल्यावरच पट्टी खाली सरकवणे ही जुनी कार्यालयीन पद्धत आजही सर्वांत विश्वसनीय आहे. दोन व्यक्ती असतील तर एकीने मूळ पानावरून मोठ्याने वाचावे आणि दुसरीने उतरवलेल्या मजकुराशी ताडून पाहावे. यापेक्षा काटेकोर पद्धतीत दोघे जण स्वतंत्रपणे तेच पान उतरवतात व नंतर दोन्ही प्रतींतील फरक तेवढेच मूळ पानावरून तपासले जातात.

जे वाचता येत नाही त्याची जागा रिकामी सोडू नये आणि ओळही गाळू नये. तिथे ‘[अवाच्य]’ असे लिहावे. रिकामी जागा पुढे कोणत्या कारणाने राहिली ते कळत नाही. मूळ पानावरच घर क्रमांक नव्हता की उतरवणाऱ्याला तो दिसला नाही, हे दोन वेगळे प्रसंग आहेत. वगळलेल्या मतदारांच्या नोंदींचेही तसेच. पुनर्मुद्रित याद्यांत अशा नोंदीवर वगळल्याचा शिक्का आडवा छापलेला असतो आणि कारणदर्शक इंग्रजी अक्षर दिलेले असते. मृत्यूसाठी `E`, स्थलांतरासाठी `S`, दुबार नोंदीसाठी `R`. शिक्क्याखालचे नाव वाचणे कठीण जाते म्हणून ती नोंद टाळण्याचा मोह होतो. पण त्या नोंदीचा अनुक्रमांक यादीत कायम असतो, म्हणून ओळ ठेवून तिच्यापुढे ‘वगळलेली’ अशी खूण करणे योग्य.

अक्षरओळख प्रणाली वापरताना दोन मार्ग उपलब्ध असतात. पानावर उभ्या व आडव्या दोन्ही रेघा असतील, तर आधी रेघांचे जाळे शोधून प्रत्येक घर कापून घ्यावे आणि मग ते वाचावे. ओळ आधी निश्चित होते, अक्षरे नंतर येतात. या मार्गात देवनागरीची एक खास अडचण आहे. वाचनाआधी कोष्टकाच्या आडव्या रेघा प्रतिमेतून पुसण्याची पद्धत आहे, परंतु अक्षरांची शिरोरेखाही आडवीच असते. बारीक अक्षरात लांब नावाची शिरोरेखा सलग व जाड दिसते आणि पुसणारी आज्ञा तिलाही कोष्टकाची रेघ समजते. नाव मग सुट्या काड्यांचे बनते. म्हणून पुसायच्या रेघेची किमान लांबी सर्वांत रुंद रकान्याच्या रुंदीपेक्षा अधिक ठेवावी. कोणत्याही एका शब्दाची शिरोरेखा तेवढी लांब असू शकत नाही.

आडव्या रेघा नसतील तर दुसरा मार्ग घ्यावा लागतो. त्यात संपूर्ण पान वाचून प्रत्येक शब्दाबरोबर त्याची प्रतिमेतील जागाही मिळवली जाते. मुक्त स्वरूपातील टेसरॅक्ट या प्रणालीत ते पुढील आज्ञेने होते.

```
tesseract pan.png pan -l mar+eng --psm 6 tsv
```

येथे `--psm 6` या सूचनेचा अर्थ पान हा मजकुराचा एकच सलग ठोकळा समजावा असा आहे. ही सूचना न दिल्यास प्रणाली पानाचे विभाजन स्वतः ठरवते आणि रकान्यांमधील पांढरी जागा पाहून कोष्टकाला वर्तमानपत्रासारखे स्तंभ समजण्याची शक्यता असते. मग प्रत्येक रकाना स्वतंत्र मजकूर म्हणून वरून खाली वाचला जातो. `tsv` या सूचनेमुळे मिळणाऱ्या फलितात प्रत्येक शब्दाबरोबर `left`, `top`, `width`, `height` ही मापे आणि `conf` हा खात्रीचा अंक येतो. प्रणालीने स्वतः ठरवलेल्या `line_num` वर विसंबू नये, कारण दोन ओळींत मोडलेले नाव ती दोन ओळी म्हणूनच मोजते.

त्याऐवजी अनुक्रमांकाचा रकाना हा कणा मानावा. अनुक्रमांक कधी दोन ओळींत मोडत नाही, प्रत्येक नोंदीत तो एकदाच येतो आणि त्याचे मूल्य आधीच माहीत असते, कारण तो एकेकाने वाढतो. म्हणून प्रत्येक अनुक्रमांकाच्या वरच्या कडेपासून पुढच्या अनुक्रमांकाच्या वरच्या कडेपर्यंतचा आडवा पट्टा ही एक नोंद समजावी आणि ज्या शब्दाचा मध्य त्या पट्ट्यात येतो तो शब्द त्या नोंदीला द्यावा. उदाहरणातील ४१४ चे आडनाव व ‘लक्ष्मीनारायण’ हे दोन्ही तुकडे ४१४ ते ४१५ च्या पट्ट्यात पडतात आणि एकत्र येतात. वय सुटले असेल तर त्या पट्ट्यात वयाची जागा रिकामी राहते, खालचे वय वर चढत नाही. अनुक्रमांकांपैकी एखादा वाचला गेला नाही, तर ४१४ नंतर थेट ४१६ आल्याचे दिसते आणि मधला पट्टा हाताने दुभागता येतो.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. पान आधी सरळ केलेले नसेल तर पट्टे निरुपयोगी ठरतात, कारण उजवीकडचे शब्द शेजारच्या पट्ट्यात जातात. दुसरे असे की काही याद्यांत मोडलेल्या नोंदीचा अनुक्रमांक वरच्या कडेला न छापता दोन ओळींच्या मध्यावर छापलेला असतो. तिथे नावाची वरची ओळ आधीच्या मतदाराच्या पट्ट्यात शिरते. अशा यादीत वरच्या कडेऐवजी दोन अनुक्रमांकांमधील मध्यबिंदू ही सीमा धरावी लागते. यादी कोणत्या प्रकारची आहे हे मोडलेली एखादी नोंद पाहिल्यावर कळते, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी पानावर अशी एक नोंद शोधून ठेवणे हिताचे असते.

## पडताळणी

मतदार यादीच्या भागाच्या पहिल्या पानावर सुरुवातीचा व शेवटचा अनुक्रमांक आणि पुरुष, स्त्री व एकूण मतदारांची संख्या दिलेली असते. उतरवलेल्या नोंदींची बेरीज या संख्यांशी जुळवणे ही सर्वांना सुचणारी कसोटी आहे. ओळ गळाली किंवा लिंग चुकीचे वाचले गेले, तर ती उपयोगी पडते. मात्र ओळी सरकल्या असतील तर ती काहीच सांगत नाही. वरच्या उदाहरणात चार पुरुष व चार स्त्रिया आहेत. नावाचा रकाना कितीही सरकला तरी लिंगाच्या रकान्यात चार ‘पु’ आणि चार ‘स्त्री’ हेच राहतात. एकाच रकान्यात पाहणारी कोणतीही कसोटी, मग ती बेरीज असो वा वयाची किमान मर्यादा, रकान्यांमधला संबंध तुटल्याचे दाखवू शकत नाही.

ओळखपत्र क्रमांकाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. सध्याच्या पद्धतीच्या क्रमांकात तीन रोमन अक्षरे व सात अंक असतात आणि त्यांपैकी शेवटचा अंक आधीच्या सहांवरून लुन पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो. समजा, सात अंक २०४८३१२ असे आहेत. उजवीकडून मोजताना दुसरा, चौथा व सहावा अंक दुप्पट करावयाचा आणि दुप्पट दोन अंकी आल्यास त्याचे अंक मिळवावयाचे. येथे १ चे २, ८ चे १६ म्हणजे ७, आणि ० चे ० होतात. उरलेले २, ३, ४, २ मिळवून बेरीज २० येते. ती दहाने भागली जाते, म्हणून क्रमांक सुसंगत आहे. ८ च्या जागी ३ वाचला गेला असता तर ७ ऐवजी ६ येऊन बेरीज १९ झाली असती आणि चूक लगेच कळली असती. तिरप्या रेघा असलेल्या जुन्या क्रमांकांना ही कसोटी लावता येत नाही. शिवाय क्रमांक कसोटीत न बसणे हा मूळ पान पुन्हा पाहण्याचा इशारा आहे, नोंद खोटी असल्याचा पुरावा नाही. येथे महत्त्वाचे असे, की तपासणी अंक क्रमांक नीट वाचला गेल्याची खात्री देतो. तो क्रमांक त्याच ओळीतल्या मतदाराचा आहे की नाही, याविषयी तो मौन असतो.

ओळ तपासणाऱ्या कसोट्या दोन रकान्यांना एकमेकांसमोर उभे करतात. नाते ‘पती’ असेल तर लिंग ‘स्त्री’ असले पाहिजे. मतदाराचे नाव व नातेवाईकाचे नाव संपूर्णतः एकच असू नये. एका घरात कोणाच्या वडिलांचे किंवा पतीचे जे नाव दिले आहे, ते त्याच घरातील एखाद्या पुरुष मतदाराचे असण्याचा संभव असतो आणि तसे असल्यास त्याचे वय मुलापेक्षा अधिक असावे. घर क्रमांक नोंदीनोंदीला मागेपुढे उड्या मारू नये, कारण यादी घरांच्या क्रमाने लावलेली असते. अर्थात यादीतच चुका असतात, क्रम बिघडलेली घरे असतात, एकाच नावाची आजोबा-नातवंडे असतात. एकटी-दुकटी विसंगती मूळ यादीची असू शकते. एकापाठोपाठ तीन-चार नोंदींत विसंगती येत असेल, तर बहुधा ओळ सरकलेली आहे. दोहोंतला फरक या सलगपणावरून ओळखता येतो.

याशिवाय एक स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. प्रत्येक पानावरील पहिली, मधली व शेवटची नोंद संपूर्णपणे, सर्व रकान्यांसह, मूळ प्रतिमेशी ताडून पाहावी. जादा व उणे यांची भरपाई झालेली असेल तर पहिली आणि शेवटची नोंद जुळते, म्हणूनच मधली पाहणे गरजेचे आहे. सरकलेला भाग लहान असेल तर ही नोंदही त्याबाहेर पडू शकते. त्यामुळे दोन ओळींत मोडलेल्या प्रत्येक नावानंतरची एक नोंद तपासण्याची जोड या उपायाला द्यावी.

## अक्षरबद्ध झाल्यानंतर

पान बिनचूक उतरवल्यावरही ओळ तुटू शकते. तक्तापत्रकात (स्प्रेडशीट) फक्त नावाचा रकाना निवडून तो वर्णानुक्रमे लावला, तर सर्व नावे आपल्या नोंदींपासून एका क्षणात विलग होतात. फाइल त्या अवस्थेत जतन करून बंद केल्यास मूळ क्रम परत मिळवण्याचा मार्ग पानावरूनच जातो. घर क्रमांकांची वेगळी गत होते. ‘१/२’ असा घर क्रमांक रोमन अंकांत `1/2` टंकल्यास तक्तापत्रक त्याचे दिनांकात रूपांतर करते आणि `012` मधील आरंभीचे शून्य गाळते. हे रकाने आधीच ‘मजकूर’ या प्रकारचे ठरवून ठेवल्यास तसे घडत नाही.

प्रत्येक नोंदीबरोबर तिचा पत्ताही साठवावा. प्रतिमेच्या फाइलचे नाव, भाग क्रमांक, पान क्रमांक आणि अनुक्रमांक एवढे चार घटक त्यासाठी पुरतात. पुरवणी यादीतील नोंदींना ‘पुरवणी’ अशी खूण वेगळी करावी, कारण एकाच मतदाराची मूळ नोंद व दुरुस्त नोंद अशा दोन ओळी एकत्र आल्यावर त्या दुबार भासतात.

या कामाला गोपनीयतेचीही एक बाजू आहे. कागदावर किंवा प्रतिमेत विखुरलेली नावे, घरे व वये एकदा शोधण्याजोग्या तक्त्यात आली की एखाद्या घरात किती माणसे राहतात आणि त्यांची वये काय, हे कोणालाही क्षणात काढता येते. प्रतिमारूप यादीच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादांत हा मुद्दा होताच. दुसऱ्या बाजूने, ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधील प्रारूप यादीत न आलेल्या सुमारे ६५ लाख नावांची सूची कारणांसह आणि ओळखपत्र क्रमांकाने शोधता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करण्याचा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तिथे शोध क्रमांकावरून व्हायचा असल्याने मतदाराला आपली नोंद पाहता येते, परंतु संपूर्ण यादी नावांनी चाळण्याची गरज पडत नाही.